घरी टीपीएन घेणाऱ्या रुग्णावर लक्ष कसं ठेवायचं: लाइनचा ताप, यकृत आणि सूक्ष्म मूलद्रव्यं

टीपीएनचा, म्हणजे शिरेतून बॅगेने पोषण घेणारा रुग्ण घरी गेला की त्याची फाइल तीन जणांत वाटली जाते. ताप आला तर फिजिशियन पाहतात, यकृताच्या तपासण्या बिघडल्या तर गॅस्ट्रोकडे चिठ्ठी जाते आणि हिमोग्लोबिन उतरलं तर कुणीतरी लोहाची गोळी लिहितं. या तिन्ही गोष्टी एकाच बॅगेतून आणि एकाच नळीतून येतात, आणि एकीवरचा उपाय बऱ्याचदा दुसरीचं कारण ठरतो. या कामात नव्याने आलेल्या परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि निवासी डॉक्टरांसाठी एकच रुग्ण सुरुवातीपासून दीड वर्षापर्यंत पाहू. रुग्ण शिकवण्यासाठी रचलेला आहे, पण त्याच्या बाबतीत घडतं ते सगळं प्रत्यक्षात घडतं.

वय ४१, सांगली जिल्ह्यातला शेतकरी. आतड्याच्या मुख्य शिरेत रक्ताची गुठळी होऊन आतडं काळं पडलं. शस्त्रक्रियेनंतर ७० सेंटिमीटर लहान आतडं उरलं आणि ते मोठ्या आतड्याच्या उरलेल्या भागाला जोडलं. वजन ५२ किलो. छातीवर त्वचेखालून नेलेली हिकमन लाइन. रोज रात्री नऊ ते सकाळी नऊ बॅग चालते आणि जोडायचं काम बायको करते.

घरी जाण्याआधी ठरवायच्या दोन गोष्टी

पहिली म्हणजे वही. रोज सकाळी बॅग सुटल्यावर वजन, ताप, चोवीस तासांची लघवी आणि साधारण किती वेळा व किती पातळ संडास झाली, एवढंच त्यात लिहायचं. लघवी दिवसाला लिटरभर तरी हवी. ती कमी व्हायला लागली की रुग्ण कोरडा पडतोय हे रक्ततपासणीच्या आधी कळतं. यापेक्षा लांबलचक तक्ता दिला तर दुसऱ्या महिन्यात वही कोरी राहते.

दुसरी गोष्ट, रक्त कधी आणि कुठून घ्यायचं. बॅग चालू असताना किंवा नुकती सुटल्यावर लाइनमधून रक्त घेतलं तर साखर, पोटॅशियम आणि ट्रायग्लिसराइड बॅगेचंच मोजलं जातं. साखर ४५० बघून घाबरून इन्सुलिन दिल्याचे प्रसंग असेच घडतात. बॅग संपल्यावर निदान चार तासांनी आणि शक्यतो हातातून रक्त घ्या. लाइन जितक्या कमी वेळा उघडाल तितकं बरं. घरी गेल्यावर पहिले काही आठवडे दर आठवड्याला, मग महिन्याला आणि सगळं स्थिर झालं की तीन महिन्यांनी तपासणी, असा क्रम धरा.

बॅग लावल्यावर थंडी वाजली तर

तिसरा महिना, जुलै. रात्री नऊला बॅग लावली आणि नऊ चाळीसला दात वाजतील अशी थंडी भरली. ताप १०२. घरच्यांनी पॅरासिटामॉल दिलं. बॅग तशीच चालू राहिली, पहाटे घाम येऊन ताप उतरला आणि दिवसभर माणूस ठीक. गावात डेंग्यू चालू होता, म्हणून सगळ्यांनी तेच धरलं. दुसऱ्या रात्री बॅग लावल्यावर पाऊण तासात पुन्हा तेच.

बॅग सुरू झाल्यावर तासाभरात थंडी वाजून येणारा आणि बॅग बंद असताना उतरणारा ताप नळीच्या आत बसलेल्या जंतूंचा असतो. द्रव सुरू झाला की ते रक्तात ढकलले जातात. म्हणून ताप किती होता यापेक्षा बॅग लावल्यावर किती वेळाने आला हे आधी विचारा. डेंग्यू आणि मलेरियाची तपासणी पावसाळ्यात जरूर पाठवा, पण ती सोबत पाठवायची. तिच्या रिपोर्टची वाट बघत कल्चर थांबवायचं नाही.

फोनवर बायकोला काय सांगायचं? बॅग आत्ता बंद करा. नेहमीच्या स्वच्छतेने नळी सोडवून टोपी लावा आणि लाइन फ्लश करू नका, कारण त्याने आतले जंतू पुन्हा रक्तात जातील. बॅग फेकू नका, बरोबर आणा. अर्ध्या तासाने आणि तासाने बोटाची साखर बघा, कारण चालू ग्लुकोज अचानक थांबल्यावर काहींची साखर खाली जाते. आणि आजच रात्री निघा. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. ही सूचना डिस्चार्जच्या दिवशीच कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावायला द्यावी. दवाखान्याचं नाव, रात्रीचा फोन आणि 'छातीत लाइन आहे, अँटिबायोटिक देण्याआधी दोन्ही जागांचं कल्चर घ्यावं' हे वाक्य त्यावर हवंच. तालुक्याच्या ठिकाणी ड्युटीवरच्या डॉक्टरांनी टीपीएनचा रुग्ण आधी पाहिलेला असेलच असं नाही.

कल्चरची पद्धत नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा राहतो. एक जोडी लाइनमधून आणि एक हातातून, दोन्ही एकाच वेळी, अँटिबायोटिकच्या आधी, आणि दोन्ही ठिकाणच्या बाटल्यांत रक्त सारखंच, साधारण ८ ते १० मिलिलिटर. लाइनला एकाहून जास्त तोंडं असतील तर प्रत्येकाचं वेगळं. बाटलीवर जागा आणि वेळ लिहा. लाइनची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झाली तर जंतूंचं मूळ लाइनमध्ये आहे असं मानतात. आपल्या रुग्णाची लाइनची बाटली ११ तासांनी वाजली, हाताची साडेचौदा तासांनी. हा फरक खरा ठरायला दोन्ही बाटल्या एकाच वेळी मशिनमध्ये गेल्या पाहिजेत. एक बाटली लगेच गेली आणि दुसरी सकाळपर्यंत टेबलावर राहिली तर आकड्याला काही अर्थ राहत नाही. कल्चरच्या बाटल्या फ्रिजमध्येही ठेवायच्या नाहीत.

आता लाइन काढायची की ठेवायची? अतिदक्षता विभागातल्या साध्या सेंट्रल लाइनचा नियम इथे लावू नका. या माणसाला वर्षानुवर्षं शीर लागणार आहे, आणि मानेच्या व छातीच्या मोठ्या शिरा मोजक्याच असतात. प्रत्येक वेळी लाइन काढली तर काही वर्षांत नवीन लाइन घालायला जागा उरत नाही. इथे त्वचेवर राहणारा कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस आला. रक्तदाब स्थिर होता आणि नळीच्या मार्गावर लाली नव्हती. म्हणून लाइन ठेवून शिरेतून व्हँकोमायसिन आणि नळीत अँटिबायोटिकचा लॉक, म्हणजे औषध नळीतच भरून ठेवणं, असे दोन आठवडे उपचार झाले. तोवर पहिले काही दिवस टीपीएन बंद आणि हातातून सलाइन. ७२ तासांनी पुन्हा कल्चर घेतलं, ते स्वच्छ आल्यावर टीपीएन सुरू झालं.

काही वेळा मात्र लाइन काढावीच लागते. कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा कँडिडा आला, रक्तदाब पडला, लाइन बाहेर येते तिथून दोन सेंटिमीटरच्या पलीकडे त्वचेखालच्या मार्गावर लाली आणि दुखणं पसरलं, किंवा उपचार चालू असूनही ७२ तासांनंतर कल्चर पॉझिटिव्हच राहिलं, तर ती वाचवायच्या मोहात पडू नका. पहिल्या दोन जंतूंत हृदयाची इको आणि कँडिडात डोळ्यांचा पडदाही तपासायचा असतो.

ताप गेला म्हणजे काम संपलं नाही. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी बायकोला आपल्यासमोर पूर्ण जोडणी करायला सांगा आणि मध्ये न बोलता बघा. या बाईंनी हात नीट धुतले, हातमोजे नीट घातले. मग अल्कोहोलचा बोळा हबवरून एकदा फिरवला आणि लगेच नळी जोडली. घासणं नव्हतं आणि वाळू देणंही नव्हतं. वर पंखा फुल स्पीडवर होता. हब १५ सेकंद घासायचा, कडा आणि आटे धरून, मग पूर्ण वाळेपर्यंत हातात धरून ठेवायचा, कारण अल्कोहोल वाळतानाच काम करतं. जोडणी होईपर्यंत पंखा बंद. याशिवाय रोज बॅग सुटल्यावर टॉरोलिडिन या जंतुनाशकाचा लॉक सुरू केला. एकदा संसर्ग झालेल्या रुग्णात तो परत होणं यामुळे कमी होतं.

आणखी एक गोष्ट यकृताच्या भागाकडे नेणारी आहे. कुपोषित रुग्णात लाइनचा संसर्ग कधी कधी तापाशिवाय येतो. नुसता थकवा, अल्ब्युमिन उतरलेलं, साखर चढलेली, बिलिरुबिन थोडं वाढलेलं. असं चित्र दिसलं तर यकृताच्या महागड्या तपासण्यांआधी लाइनचं कल्चर घ्या.

यकृताचे आकडे चढायला लागले

चौथ्या महिन्यात अल्कलाइन फॉस्फेटेज १४० होतं (त्या लॅबची वरची मर्यादा १२०). जीजीटी थोडं वाढलेलं. संसर्गाला महिना झाला होता, त्यामुळे नुसतं लक्ष ठेवणं योग्य होतं. आठव्या महिन्यात अल्कलाइन फॉस्फेटेज ३१०, जीजीटी १९०, बिलिरुबिन १.१. नवव्या महिन्यात बिलिरुबिन १.९.

एका रिपोर्टवर निदान करू नका. अल्कलाइन फॉस्फेटेज, जीजीटी आणि बिलिरुबिन यांपैकी कुठलेही दोन वरच्या मर्यादेच्या दीडपटीहून जास्त आणि तेही सहा महिन्यांहून अधिक काळ राहिले, तर त्याला टिकून राहिलेला पित्तरोध म्हणतात. पण कारण शोधायला सहा महिने थांबायचं नाही. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतूनही येतं आणि या रुग्णांची हाडं ठिसूळ झालेली असतातच. सोबत जीजीटी चढलं असेल तर मूळ यकृताकडे आहे असं धरायला हरकत नाही.

पहिलं पाऊल सोनोग्राफी. तोंडाने कमी खाणाऱ्या रुग्णात पित्ताशय हलत नाही, गाळ साचतो, खडे होतात. मग कावीळ बी आणि सी. मग औषधांची पिशवी उलटी करून बघा, आणि काढ्यांबद्दल वेगळं विचारा, कारण 'औषधं कुठली घेता' या प्रश्नाच्या उत्तरात काढा येत नाही. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. इथे सोनोग्राफीत थोडा गाळ दिसला, बाकी काही नाही.

मग बॅग हिशोबाला घ्या. नव्या माणसांकडून हेच राहून जातं, आणि बहुतेक उत्तर इथेच सापडतं. प्रिस्क्रिप्शन असं होतं: ग्लुकोज ३०० ग्रॅम, अमिनो ॲसिड ६० ग्रॅम, आणि आठवड्यातून चार रात्री सोयाबीन तेलाच्या २० टक्के इमल्शनची ५०० मिलिलिटरची बाटली, म्हणजे प्रत्येक वेळी १०० ग्रॅम चरबी.

चरबी आठवड्याला ४०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सरासरी ५७ ग्रॅम, म्हणजे किलोमागे १.१ ग्रॅम. दीर्घकाळच्या टीपीएनमध्ये निव्वळ सोयाबीन तेल किलोमागे दिवसाला १ ग्रॅमच्या वर नेऊ नये. या तेलातली वनस्पतिज स्टेरॉल्स पित्ताच्या वहनात अडथळा आणतात आणि त्यातली ओमेगा-६ चरबी दाहाला पूरक ठरते.

ग्लुकोज: ३,००,००० मिलिग्रॅम भागिले ५२ किलो भागिले ७२० मिनिटं, म्हणजे मिनिटाला किलोमागे ८ मिलिग्रॅम. शरीर साधारण ५ ते ७ पर्यंतच ग्लुकोज जाळू शकतं, उरलेल्याची यकृतात चरबी होते. एकूण कॅलरी १८३० च्या आसपास, किलोमागे ३५. हे प्रिस्क्रिप्शन तो काहीच खात नव्हता तेव्हाचं. आता वहीत बघितलं तर तो दोन वेळा भात-वरण, दही, अंडी खात होता. खाल्लेल्यापैकी बरंचसं शोषलं जात नसलं तरी काही भाग नक्की जात होता, आणि बॅग मात्र आठ महिने तशीच राहिली. वजन महिन्याला दीड किलोने वाढत होतं. सगळ्यांना ते चांगलं लक्षण वाटलं आणि कुणी विचारलं नाही.

बदल असे केले. ग्लुकोज २२० ग्रॅमवर आणलं, तेव्हा वेग ५.९ झाला. सोयाबीनच्या जागी मासळीचं तेल असलेलं मिश्र इमल्शन, तेही २५० मिलिलिटर चार रात्री, म्हणजे किलोमागे दिवसाला साधारण ०.५५ ग्रॅम. अमिनो ॲसिड होतं तेवढंच. एकूण कॅलरी किलोमागे २५ च्या जरा खाली. तोंडाने थोडं थोडं पण वारंवार खाणं चालू ठेवलं, कारण आतड्यातून अन्न जाणं हाच पित्त वाहतं ठेवण्याचा स्वस्त मार्ग आहे. वजन आठवड्याला बघायचं ठरलं. ते घसरलं असतं तर पुन्हा वाढवायला जागा होती. चौदाव्या महिन्यात अल्कलाइन फॉस्फेटेज १६५ आणि बिलिरुबिन ०.९ झालं.

प्रत्येक वेळी असं सरळ होत नाही. प्लेटलेट उतरत चालल्या, प्लीहा वाढली, किंवा इमल्शन बदलूनही बिलिरुबिन दोन महिन्यांहून जास्त काळ ४.५ च्या वर राहिलं, तर आतड्याच्या प्रत्यारोपणाच्या केंद्राशी बोलायची वेळ आली आहे. जलोदर दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

यकृत सुधारलं आणि रक्त बिघडलं

नवव्या महिन्यात बिलिरुबिन वाढलं तेव्हा बॅगेतली ट्रेस एलिमेंटची, म्हणजे सूक्ष्म मूलद्रव्यांची मिश्र अँप्यूल कुणीतरी पूर्ण बंद केली होती. विचार अर्धा बरोबर होता. तांबं आणि मँगनीज पित्तातून बाहेर जातात, पित्त अडलं की ते साठतात. पण बंद करताना पुन्हा कधी बघायचं याची तारीख फाइलवर पडली नाही.

सतराव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.४, पांढऱ्या पेशी २,६००, त्यात न्यूट्रोफिल ९००. पायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जातो. बी-१२ आणि फेरिटिन ठीक. लोहाच्या गोळ्या दोन महिने घेऊन उपयोग शून्य. हिमोग्लोबिनसोबत न्यूट्रोफिल उतरले आणि रुग्ण टीपीएनवर असेल तर बोन मॅरोची सुई काढण्याआधी तांबं मोजा. ते आलं २२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर (लॅबची खालची मर्यादा ७०), सेरुलोप्लाझ्मिनही कमी. मज्जारज्जूचा त्रास बी-१२ च्या कमतरतेसारखाच दिसतो, म्हणून तिकडे लक्ष जातं आणि तांबं सुटतं.

तपासणीत दोन अडचणी येतात. पहिली नळीची. गडद निळ्या टोपीची, ट्रेस एलिमेंटसाठीचीच नळी लागते, कारण साध्या नळीच्या रबरी बुचातून झिंक रक्तात उतरतं आणि कमतरता लपते. दुसरी अडचण मोठी आहे. दाह किंवा संसर्ग असताना झिंक आणि सेलेनियम रक्तातून खाली जातात, तर तांबं वर चढतं. शरीरातला साठा बदललेला नसतो. म्हणून सीआरपी नेहमी त्याच नमुन्यात बघा. सीआरपी २० च्या वर असेल तर कमी झिंकवर विश्वास ठेवू नका, आणि 'नॉर्मल' तांब्यावर तर त्याहूनही नाही. लाइनच्या संसर्गाच्या आठवड्यात ही तपासणी पाठवणं म्हणजे पैसे वाया. आपल्या रुग्णाचा सीआरपी ४ होता, त्यामुळे २२ हा आकडा खरा. झिंकही ४८ निघालं आणि तोंडाच्या कोपऱ्यांभोवती लालसर, सोलवटलेली त्वचा होतीच.

झिंकचा हिशोब संडासावरून करतात. लहान आतड्यातून वाहून जाणाऱ्या प्रत्येक लिटरमागे साधारण १२ मिलिग्रॅम झिंक जातं, रोजच्या गरजेचे ३ ते ५ मिलिग्रॅम वेगळे. म्हणून पातळ संडास वाढल्याची वहीतली नोंद झिंकच्या कमतरतेची पहिली सूचना असते. ही भरपाई शिरेतून करा. तोंडाने जास्त झिंक दिलं तर ते आतड्यातच तांब्याचं शोषण अडवतं, आणि आधीच तांबं कमी असलेल्या रुग्णात ते नको.

तांबं शिरेतून सुरू केलं. न्यूट्रोफिल काही आठवड्यांत वर आले, हिमोग्लोबिन त्यामागून. पायांच्या मुंग्या कमी झाल्या पण पूर्ण गेल्या नाहीत. मज्जातंतूंची इजा अशीच अर्धवट भरून येते.

मग पित्तरोधात करायचं काय? तांबं पूर्ण बंद करायचं नाही, रोजची मात्रा (०.३ ते ०.५ मिलिग्रॅम) कमी करून तीन महिन्यांनी मोजायचं. मँगनीज मात्र निर्धास्त बंद ठेवा. बॅगेतल्या इतर द्रावणांत त्याचा अंश असतोच आणि कमतरता जवळजवळ दिसत नाही. साठलं तर ते मेंदूच्या खोल भागात बसतं, एमआरआयच्या टी-१ चित्रात ग्लोबस पॅलिडस पांढरा दिसतो आणि माणूस पार्किन्सनच्या रुग्णासारखा मंद चालायला लागतो. शंका आली तर ते सीरममध्ये नव्हे, पूर्ण रक्तात मोजा.

अडचण अशी की आपल्याकडे बहुधा मिश्र अँप्यूल मिळते, त्यातून एक धातू काढता येत नाही. तेव्हा अँप्यूल रोजच्याऐवजी आठवड्यातून दोन-तीन दिवस द्यायची आणि झिंक व सेलेनियम स्वतंत्र, रोज. लेबल वाचायची सवय लावा. काही मिश्रणांत सेलेनियम नसतंच, आणि ते महिनोन्महिने मिळालं नाही तर स्नायू दुखतात, नखं पांढरी पडतात आणि हृदयाचा स्नायू कमजोर होतो. तयार तीन कप्प्यांच्या बॅगेतही जीवनसत्त्वं नसतात आणि ट्रेस एलिमेंट जवळजवळ नसतात, ती दररोज वेगळी घालावी लागतात. घरी नवीन नर्स आली की विचारा, 'बॅगेत वरून काय काय घालता, दाखवा.' उत्तर 'काही नाही' असं आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

स्थिर रुग्णात तांबं, झिंक, सेलेनियम आणि मँगनीज सहा ते बारा महिन्यांनी पुरे. मात्रा बदलली असेल, संडास वाढली असेल किंवा पित्तरोध असेल तर तीन महिन्यांनी. आपल्या रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता तीन ओळी आहेत: अँप्यूल सोमवार आणि गुरुवार, झिंक व सेलेनियम रोज, तांबं आणि सीआरपीची पुढची तपासणी विसाव्या महिन्यात. त्या दिवशीच अल्कलाइन फॉस्फेटेज, जीजीटी आणि बिलिरुबिनही जाणार आहे, आणि बायको जोडणी करून दाखवणार आहे.